शिक्षा घटते, शिक्का राहतो

समजा, तालुक्याच्या गावातल्या एका कापड दुकानात काम करणाऱ्या चोवीस वर्षांच्या मुलाने तीन महिन्यांत गल्ल्यातून थोडे थोडे करून साठ हजार रुपये काढले. मालकाच्या लक्षात आले, फिर्याद झाली, मुलगा पकडला गेला. पाच महिने तुरुंगात काढल्यावर त्याला जामीन मिळाला. आता खटला उभा राहतो आहे. कोर्टाच्या व्हरांड्यात वकील त्याच्या आईला सांगतात, "मावशी, प्ली बार्गेनिंगचा अर्ज टाकू. दोन-तीन महिन्यांत विषय संपेल." आई विचारते, "म्हणजे त्याचं नाव निघेल ना, साहेब?"

विषय संपेल हे खरे. नाव मात्र निघत नाही. अनेक कुटुंबे हा फरक कळण्याआधीच कागदावर सही करून मोकळी होतात.

प्ली बार्गेनिंग म्हणजे आरोपीने गुन्हा कबूल करायचा, पीडिताला भरपाई द्यायची आणि त्या बदल्यात कायद्याने ठरवून दिलेली कमी शिक्षा घ्यायची. भारतात ही तरतूद 5 जुलै 2006 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत लागू झाली. 1 जुलै 2024 पासून ती संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या 289 ते 300 या कलमांत आता हा सगळा व्यवहार बसवला आहे. अमेरिकी चित्रपटांत सरकारी वकील आणि आरोपी मूळ आरोपाबद्दलच घासाघीस करताना दिसतात. आपल्याकडची चौकट तशी नाही. इथे मुख्यतः शिक्षा आणि भरपाई यांबद्दल बोलणे होते आणि सवलतीचे माप कायद्यानेच आखून दिले आहे.

हा दरवाजा सगळ्यांना उघडा नाही. ज्या गुन्ह्याला फाशी, जन्मठेप किंवा सात वर्षांहून जास्त कैद होऊ शकते, तो बाहेर. बरोबर सात वर्षे असतील तर चालते. नोकराने केलेल्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम 306 खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणून दुकानातला मुलगा काठावर का होईना, आत बसतो. स्त्री किंवा बालकाविरुद्धचा गुन्हा असेल तर अर्ज चालत नाही. देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीला धक्का देणारे गुन्हेही वगळलेले आहेत. 2006 साली केंद्र सरकारने अशा कायद्यांची यादी काढली. तिच्यात हुंडा प्रतिबंध कायदा, कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांचा कायदा, वन्यजीव संरक्षण कायदा असे कायदे आले. आरोपी अल्पवयीन असेल तर त्याला हे प्रकरण लागूच होत नाही. आणि ज्याला त्याच गुन्ह्यासाठी पूर्वी शिक्षा झाली आहे, त्याला दुसऱ्यांदा ही सवलत मागता येत नाही.

कायदा नवा असताना, 2007 मध्ये, मुंबईतल्या सीबीआयच्या विशेष न्यायालयात रिझर्व्ह बँकेच्या एका कर्मचाऱ्याने असा अर्ज केला होता. खोट्या नावांनी व्हाउचर काढून जवळपास दीड कोटी रुपये स्वतःच्या खात्यात वळवल्याचा त्याच्यावर आरोप होता. वयाचा मुद्दा पुढे करून त्याने कमी शिक्षा मागितली. आरोप गंभीर आहेत, असे सांगून सरकारी पक्षाने विरोध केला आणि अर्ज फेटाळला गेला.

आता दुकानातल्या मुलाकडे परत. नव्या संहितेप्रमाणे दोषारोप निश्चित झाल्यापासून, कोर्टाच्या भाषेत चार्ज फ्रेम झाल्यापासून, तीस दिवसांच्या आत अर्ज द्यावा लागतो. जुन्या कायद्यात अशी मुदत नव्हती. ज्या आरोपीला चार्ज म्हणजे काय हेच कोणी नीट समजावलेले नसते, त्याचा महिना असाच निघून जातो. अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागते. आपण स्वखुशीने, होऊ शकणारी शिक्षा समजून घेऊन अर्ज करतो आहोत आणि याच गुन्ह्यात पूर्वी आपल्याला शिक्षा झालेली नाही, हे त्यात लिहून द्यायचे असते.

त्यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची. न्यायाधीश आरोपीला एकट्याला, बंद दाराआड, समोरचा पक्ष हजर नसताना विचारतात: हे तू स्वतःहून करतो आहेस का? कोणी दबाव टाकला, आमिष दाखवले, असे वाटले तर अर्ज तिथेच थांबतो. समाधान झाले तर साठ दिवसांपर्यंत वेळ मिळतो. त्या काळात सरकारी वकील, तपास अधिकारी, मुलगा आणि पीडित म्हणून दुकानमालक एकत्र बसतात. मुलगा सोबत स्वतःचा वकील ठेवू शकतो. मालकाला किती पैसे परत मिळणार, खटल्याचा खर्च कोण देणार, हे तिथे ठरते. जमले तर अहवालावर सगळ्यांच्या आणि न्यायाधीशांच्या सह्या होतात. बोलणी फिसकटली तर खटला जिथे थांबला होता तिथून पुढे चालतो. मुलाने अर्जात जे सांगितले ते दुसऱ्या कोणत्याही कामासाठी त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही.

जमले, असे धरू. शिक्षेचा हिशोब असा. मुलाला यापूर्वी कधीच शिक्षा झालेली नाही, म्हणून नव्या कायद्यात त्याला कमाल शिक्षेचा सहावा भाग देता येतो. सात वर्षे म्हणजे चौऱ्याऐंशी महिने, त्याचा सहावा भाग चौदा महिने. तुरुंगात काढलेले पाच महिने त्यातून वजा होतात, उरतात नऊ. पूर्वी एखाद्या वेगळ्या गुन्ह्यात शिक्षा झालेली असती, तर हिशोब चौथ्या भागाने, म्हणजे एकवीस महिन्यांचा झाला असता. ज्या गुन्ह्यांना कायद्यानेच किमान शिक्षा ठरवली आहे, तिथे त्या किमान शिक्षेच्या निम्म्यापर्यंत आणि पहिल्यांदाच सापडलेल्यासाठी चौथ्या भागापर्यंत खाली येता येते. याशिवाय न्यायालय त्याला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, म्हणजे प्रोबेशनवर, घरी सोडू शकते. चोवीस वर्षांच्या, पैसे परत करणाऱ्या मुलासाठी वकिलाने खरा जोर इथेच लावायला हवा.

कारण हा सहावा भाग कमाल शिक्षेवर मोजलेला असतो. नेहमीच्या खटल्यात सात वर्षांच्या कलमाखाली दोषी ठरलेल्या प्रत्येकाला सात वर्षे मिळत नाहीत. पहिलाच गुन्हा, लहान रक्कम, कोवळे वय पाहून न्यायाधीश काही महिन्यांवरही भागवू शकतात. तेव्हा चौदा महिने ही सूट आहे की तोटा, हे आकडे समोर मांडल्याशिवाय कळत नाही.

आणि आता आईचा प्रश्न. निकाल उघड न्यायालयात जाहीर होतो आणि त्यात मुलगा दोषी ठरतो. कागदोपत्री ही दोषसिद्धीच, साक्षीपुराव्यांनंतर झालेल्या दोषसिद्धीइतकीच पक्की. पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीत ती दिसते. नोकरीच्या अर्जातला 'शिक्षा झाली आहे का' हा रकाना 'होय' असाच भरावा लागतो. लपवले आणि नंतर उघडकीस आले, तर त्या लपवण्यावरूनही नोकरी जाऊ शकते. सरकारी नोकराला तर फौजदारी शिक्षेला कारण ठरलेल्या वर्तनावरून नेहमीची खातेनिहाय चौकशी न करताही बडतर्फ करता येते. राज्यघटनेचे कलम 311 तशी मुभा देते. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात अटक किंवा शिक्षा झाली होती का असे विचारतात, माफी मिळालेली असली तरीही. सज्ञान माणसाची जुनी दोषसिद्धी काही वर्षांनी आपोआप पुसली जाईल, असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही.

थोडा दिलासा आहे, तो लांबीतून येतो. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षे किंवा अधिक कैद झाली, तर पुढची पाच वर्षे पासपोर्ट नाकारता येतो. आमदार-खासदारकीची अपात्रताही साधारणपणे दोन वर्षांच्या शिक्षेपासून सुरू होते. काही गुन्ह्यांत मात्र ती त्याहून कमी शिक्षेवरही येते. सात वर्षांचा चौथा भाग एकवीस महिने होतो, तो दोन वर्षांच्या आत राहतो. प्रोबेशन मिळाले तर त्या कायद्याच्या कलम 12 मुळे दोषसिद्धीला चिकटलेल्या कायदेशीर अपात्रता लागत नाहीत. पण दोषसिद्धी नाहीशी होत नाही आणि मालकाला वा सरकारला ते वर्तन विचारात घेता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1990 साली स्पष्ट केले.

म्हणून आधी दुसरा एक दरवाजा ठोठावून पाहायला हवा. नोकराने केलेली चोरी हा, मालकाची तयारी आणि न्यायालयाची परवानगी असेल तर, आपसात मिटवता येणारा गुन्हा आहे. अशी कायदेशीर तडजोड झाली की तिचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखा होतो. दुकानमालक साठ हजार परत घेऊन खुश असेल, तर तोच मालक, तेच पैसे, तेच कोर्ट. पण एका अर्जाने मुलगा दोषी ठरतो आणि दुसऱ्याने सुटतो. सही करण्याआधी वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न हाच: हे कलम आपसात मिटते का?

निवड किती महाग पडू शकते, हे 2020 मध्ये दिल्लीत दिसले. तबलिगी जमातच्या कार्यक्रमाला आलेल्या, व्हिसाच्या अटी आणि करोनाकाळातले आदेश मोडल्याचा आरोप असलेल्या परदेशी नागरिकांपैकी नऊशेहून अधिक जणांनी प्ली बार्गेनिंगचा मार्ग धरला. तक्रारदार अधिकाऱ्यांनी हरकत घेतली नाही. कोणाला पाच, कोणाला सात, कोणाला दहा हजार रुपये दंड झाला आणि मायदेशी जाण्याची वाट मोकळी झाली. महिनोन् महिने परक्या देशात अडकलेल्या माणसाने घरची वाट निवडली, यात त्याला दोष देता येत नाही. पण 44 जणांनी खटला लढवायचे ठरवले. त्यांतले आठ जण आरोपमुक्त झाले आणि उरलेल्या 36 जणांची त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निर्दोष मुक्तता झाली. त्याआधी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अहमदनगरच्या प्रकरणांतल्या 29 परदेशी नागरिकांवरचे गुन्हेच रद्द केले होते. ज्यांनी दंड भरला, त्यांची दोषसिद्धी यामुळे आपोआप पुसली गेली नाही.

सर्वोच्च न्यायालयाला या सौद्यांची पूर्वी फार चीड होती. अन्नभेसळीच्या खटल्यांत गुन्हा कबूल करून किरकोळ दंडावर सुटण्याच्या प्रकारांवर त्याने 1976 आणि 1980 मध्ये कडक ताशेरे ओढले. 1983 साली कर्नाटकातल्या एका वाहनचालकाचे प्रकरण आले. दंडावर सुटका होईल या भरवशावर त्याने गुन्हा कबूल केला आणि वरच्या न्यायालयाने त्याला कैद दिली. हा त्याच्या जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचा भंग आहे, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने खटला पुन्हा चालवायला लावला.

आजच्या कायद्यात निकाल अंतिम असतो. त्याविरुद्ध नेहमीचे अपील नाही. उच्च न्यायालयात रिट याचिका किंवा सर्वोच्च न्यायालयात विशेष परवानगीचा अर्ज, एवढेच मार्ग उरतात. दुकानातल्या मुलाने उद्या सांगितले, मला नीट कळलेच नव्हते, तर त्याच्यासमोर पहिला कागद येईल तो त्याच्याच सहीचा: सगळे समजून, स्वखुशीने.