ओळंबा पायाबाहेर पडला तर

दोन बांबू घ्या, एक 13 फुटांचा, दुसरा 15 फुटांचा. वरची टोकं सुतळीने एकत्र बांधा आणि बुडं जमिनीवर एकमेकांपासून बरोबर 14 फुटांवर ठेवा. आता वरच्या गाठीला गवंड्याचा ओळंबा टांगा आणि तो जमिनीला जिथे टेकेल तिथे खडूने खूण करा. मोजून पाहिलंत तर ही खूण आखूड बांबूच्या बुडापासून 5 फुटांवर आणि लांब बांबूच्या बुडापासून 9 फुटांवर सापडेल. पाच आणि नऊ मिळून चौदा. बारावीच्या गणितात साइन नियम आणि कोसाइन नियमाच्या शेजारी बसलेलं प्रक्षेप सूत्र म्हणतं ते एवढंच.

सूर्य अगदी डोक्यावर असताना 13 फुटी बांबूची सावली 5 फूट पडेल आणि 15 फुटी बांबूची 9 फूट. सावलीची ही लांबी म्हणजेच त्या बांबूचा जमिनीवरचा प्रक्षेप. ती काढायची तर बांबूची लांबी, तो जमिनीशी करत असलेल्या कोनाच्या कोसाइनने गुणायची. ओळंब्यामुळे दोन्ही बाजूंना काटकोन त्रिकोण तयार होतात आणि काटकोन त्रिकोणात कोसाइन म्हणजे कोनालगतची बाजू भागिले कर्ण. आखूड बांबूपाशी हा कोसाइन 5/13, लांब बांबूपाशी 9/15.

नावं देण्याची रीत शाळेतलीच ठेवू. A कोनासमोरची बाजू a, B समोरची b, C समोरची c. पाया BC म्हणजे a, 14 फूट. लांब बांबू b आणि आखूड c. दोन सावल्यांची बेरीज म्हणजे पाया, हे लिहिलं की सूत्र झालं:

a = b cos C + c cos B

पाया कुठलाही धरता येतो, म्हणून त्याच्या आणखी दोन बहिणी आहेत: b = c cos A + a cos C आणि c = a cos B + b cos A.

परीक्षेला बसणारी मुलं या सूत्राला फारसा भाव देत नाहीत, कारण त्यावर थेट उदाहरण क्वचित येतं. दोन कोन, दोन बाजू माहीत असताना तिसरी बाजू शोधायची वेळ येते कुठे? मलाही त्या वयात ते भरतीचं सूत्र वाटायचं. ते सिद्धतांमध्ये कामाला येतं हे फार उशिरा कळलं, आणि तेही एका जुन्या पुस्तकामुळे.

ते पुस्तक म्हणजे भास्कराचार्यांची ‘लीलावती’, 1150 सालची. तीत हाच 13, 15, 14 चा त्रिकोण आहे. ओळंब्याने पायाचे जे दोन तुकडे होतात त्यांना तिथे ‘आबाधा’ म्हटलं आहे. कोसाइन न वापरता आणि ओळंबा न टांगता या आबाधा कशा काढायच्या, त्याची रीत भास्कराचार्य देतात. ती त्यांच्याही आधी, 628 सालच्या ब्रह्मगुप्तांच्या ग्रंथात आहे. दोन भुजांच्या बेरजेला त्यांच्या वजाबाकीने गुणा आणि पायाने भागा. 15 आणि 13 ची बेरीज 28, वजाबाकी 2, गुणाकार 56, त्याला 14 ने भागून आले 4. हा दोन आबाधांमधला फरक. त्यांची बेरीज 14 हे तर माहीतच आहे. बेरीज 14 आणि फरक 4, तेव्हा आबाधा 9 आणि 5. बेरीज-फरकावरून दोन संख्या शोधण्याच्या या युक्तीला जुन्या गणितात ‘संक्रमण’ हे नाव आहे.

ही रीत चालते याचं कारण ओळंब्याची दोरी दोन्ही काटकोन त्रिकोणांना सामाईक आहे. तिचा वर्ग डावीकडून काढला तर 225 − 81, उजवीकडून काढला तर 169 − 25, दोन्हीकडून 144. म्हणजे ओळंबा 12 फुटांचा. याच समीकरणाची मांडणी जरा फिरवली, तर भुजांच्या वर्गांतला फरक आणि आबाधांच्या वर्गांतला फरक सारखाच निघतो, 56. आजच्या खुणांत हेच a(b cos C − c cos B) = b² − c² असं लिहितात आणि ‘सिद्ध करा’ म्हणून मुलांपुढे ठेवतात. प्रक्षेप सूत्र आबाधांची बेरीज सांगतं आणि हे त्यांचा फरक. त्यांना एकत्र पाहिलं की दोन्हीतला रुक्षपणा जातो.

खरी गंमत ‘लीलावती’तल्या पुढच्या उदाहरणात आहे. भुजा 10 आणि 17, पाया 9. रीत तीच चालवू. बेरीज 27, वजाबाकी 7, गुणाकार 189, भागिले 9, उत्तर 21. आता पाया 9 आणि त्याच्या दोन तुकड्यांतला फरक 21? संक्रमण केलं तर एक आबाधा 15 येते आणि दुसरी ऋण 6. इथे चूक झाली म्हणून कोणी पाटी पुसून टाकली असती. भास्कराचार्य मात्र ती ऋण आबाधा तशीच ठेवतात आणि तिचा अर्थ सांगतात की ती उलट दिशेला आहे.

बांबूंनी पाहिलं तर हे लगेच पटतं. 10 आणि 17 फुटी बांबूंची बुडं 9 फुटांवर ठेवली तर आखूड बांबू समोर झुकत नाही, दोन्ही बांबू एकाच अंगाला कलतात. ओळंबा पायावर पडतच नाही, आखूड बांबूच्या बुडाच्या पलीकडे 6 फुटांवर पडतो. लांब बांबूची सावली 15 फूट, म्हणजे पायापेक्षा मोठी. तिच्यातून जादा झालेले 6 फूट वजा केले की 9 उरतात. B हा कोन इथे विशालकोन आहे, सुमारे 127 अंशांचा, आणि विशालकोनाचा कोसाइन ऋण असतो. म्हणून 10 cos B चं उत्तर आपोआप −6 येतं आणि सूत्रातलं अधिकचं चिन्ह अजिबात बदलावं लागत नाही.

सिद्धता लिहिताना मुलांचे गुण जातात ते इथेच. लघुकोन त्रिकोणाची सुबक आकृती काढायची, लंब पायाच्या आत टाकायचा, दोन तुकडे जोडायचे आणि ‘सिद्ध झाले’ म्हणून मोकळं व्हायचं. विशालकोनात तुकडे वजा करावे लागतात आणि ती वजाबाकी cos(180° − B) = −cos B मधून येते, हे वेगळं दाखवायला हवं. काटकोनात तर एक सावली शून्यच होते. आकृत्या तीन आणि सूत्र एक, हे लिहिल्याशिवाय सिद्धता पुरी होत नाही.

आता या सूत्राने काय साधतं ते पाहू. तिन्ही सूत्रांना ज्याच्या त्याच्या बाजूने गुणा:

a² = ab cos C + ac cos B
b² = bc cos A + ab cos C
c² = ac cos B + bc cos A

उजवीकडे सहा पदं दिसतात, पण वेगळी तीनच आहेत आणि प्रत्येक पद दोनदा आलं आहे. आपल्या त्रिकोणात ती चक्क पूर्णांक निघतात: ab cos C म्हणजे 14 गुणिले 9, म्हणजे 126, ac cos B म्हणजे 14 गुणिले 5, म्हणजे 70, आणि bc cos A येतं 99. ताळा करून पाहा. 126 आणि 70 मिळून 196, हा 14 चा वर्ग. 99 आणि 126 मिळून 225, 15 चा वर्ग. 70 आणि 99 मिळून 169, 13 चा वर्ग. प्रत्येक बाजूवर चौरस काढला आणि शिरोलंब वाढवून त्याचे दोन आयत केले, तर शेजारच्या चौरसांतले आयत असे जोडीजोडीने सारखे निघतात.

यापुढचं काम जमाखर्चाचं आहे. दुसरी आणि तिसरी ओळ मिळवा, पहिली वजा करा. 126 गेले, 70 गेले, उरले फक्त दोन 99. म्हणजे b² + c² − a² = 2bc cos A. हाच कोसाइन नियम, आणि तो आला निव्वळ बेरीज-वजाबाकीतून. नवी आकृती नाही, विशालकोनाचा वेगळा विचार नाही, कारण तो विचार प्रक्षेप सूत्रात आधीच होऊन गेला आहे. A काटकोन असेल तर cos A शून्य होतो आणि हाती पायथागोरस उरतो.

दुसरं फळ त्याहून अनपेक्षित आहे. साइन नियम सांगतो की बाजू समोरच्या कोनांच्या साइनच्या प्रमाणात असतात. तेव्हा प्रक्षेप सूत्रात a, b, c च्या जागी sin A, sin B, sin C ठेवले तरी ते खरंच राहतं: sin A = sin B cos C + sin C cos B. पण त्रिकोणात A म्हणजे 180° − (B + C), आणि sin A म्हणजेच sin(B + C). मुलं जे बेरजेचं सूत्र घोकतात, ते दोन बांबूंच्या सावल्यांतून बाहेर आलं! अट एकच, की B आणि C त्रिकोणात मावले पाहिजेत, म्हणजे दोन्ही धन आणि त्यांची बेरीज 180 अंशांच्या आत. त्याबाहेरच्या कोनांसाठी सूत्र खरं असलं, तरी ही सिद्धता पुरत नाही.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात भलेभले पडतात. प्रक्षेप सूत्र उलट वाटेनेही सिद्ध करता येतं, sin(B + C) चा विस्तार करून किंवा कोसाइन नियमातून cos B, cos C च्या किमती भरून. दोन्ही वाटा दोन ओळींच्या आहेत, म्हणून लोकप्रिय. पण त्या वाटेने आलात तर पुन्हा प्रक्षेप सूत्रातून त्याच नियमांकडे जाता येत नाही. ते म्हणजे ज्याचं कर्ज त्याच्याच पैशाने फेडल्यासारखं. एखादी सिद्धता वाचताना एवढंच विचारावं की प्रक्षेप सूत्र इथे आलं कुठून. उत्तर ‘ओळंब्यापासून’ असेल तर पुढचं सारं बिनधोक आहे.

बांबू मिळाले नाहीत तर खराट्याच्या 13 आणि 15 सेंटिमीटरच्या दोन काड्यांवर भागवा. त्यांची बुडं 14 ऐवजी 4 सेंटिमीटरवर ठेवा आणि भास्कराचार्यांची रीत चालवा. फरक 14 येईल, आबाधा 9 आणि ऋण 5. गाठ पुन्हा 12 सेंटिमीटर उंचीवरच असेल. आखूड काडी तिच्या सावलीसकट दुसऱ्या अंगाला वळली आहे, इतकंच.