पाहुण्यांना ‘तुमचा प्रवास सांगा’ म्हणू नका!

चॅनेलवर गप्पांचा व्हिडिओ करायचा म्हटलं की आपण काय करतो? पंधरा प्रश्नांची यादी काढतो, पाहुण्यांना आधी पाठवतो आणि कॅमेरा लावून एकेक विचारत जातो. मीही तेच केलं होतं, आणि माझी एक अख्खी मुलाखत वाया गेली होती.

पाहुण्या होत्या घरगुती भाजणी करून दुकानांना देणाऱ्या एक काकू. पहिला प्रश्न मी विचारला, “काकू, तुमचा प्रवास सांगा.” काकू बारा मिनिटं बोलल्या. कष्ट, घरच्यांची साथ, देवाची कृपा. पुढचा प्रश्न, “अडचणी आल्या का?” उत्तर, “हो, आल्या की. पण जिद्द सोडली नाही.” पाऊण तास झाला. रेकॉर्डिंग स्वच्छ, आवाज छान, आणि बघणाऱ्याच्या हाती काहीच नाही.

मग मी माईक काढला, चहा आला, आणि काकू सहज म्हणाल्या, “अरे, पहिल्या वर्षी शंभर किलो भाजणी विकून माझ्या हाती ऐंशी रुपये राहिले होते.”

खरी मुलाखत ती होती. आणि कॅमेरा बंद होता!

पंधरा दिवसांनी काकूंची परवानगी घेऊन मी पुन्हा गेलो. या वेळी स्क्रिप्ट वेगळी लिहिली. ती कशी लिहिली, तेच आज सांगतो.

स्क्रिप्ट म्हणजे संवाद नाही

पाहुण्यांनी काय बोलायचं हे आपण लिहायचंच नाही. पाठ केलेलं उत्तर लगेच कळतं. मी कागदावर तीन रकाने आखतो: प्रश्न, त्यातून मला काय हवंय, आणि ते बोलणं चालू असताना पडद्यावर काय दाखवायचं. मधला रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तो रिकामा राहिला तर प्रश्न खोडून टाकायचा. ‘प्रवास सांगा’ पुढे मला काहीच लिहिता आलं नाही, म्हणून तो गेला.

वीस मिनिटांच्या व्हिडिओला मला सहा-सात प्रश्न पुरतात. क्रम असा: आधी डोळ्यांसमोर चित्र उभं करणारा सोपा प्रश्न, मग कामाची पद्धत, मग जिथे गाडी अडली तो प्रसंग, मग आकडा, मग घेतलेला निर्णय, आणि शेवटी आज काय वेगळं करतात. आकड्याचा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारलात तर माणूस आक्रसतो. आधी भाजणीच्या खमंग वासाबद्दल बोलू द्या, पैशांचं बोलणं नंतर सोपं जातं.

प्रश्न पाठवायचे का? मी विषय सांगतो, प्रश्न पाठवत नाही. पण एक गोष्ट आधी नक्की विचारतो: “कुठला आकडा बाहेर जाऊ द्यायचा नाही?” तो मी कागदावर लाल पेनाने लिहून ठेवतो.

फॉलो-अप: ऐकताना पकडायचा शब्द

फॉलो-अप प्रश्न आधीच लिहून ठेवता येत नाही, पण तो कुठल्या शब्दावर विचारायचा हे ठरवता येतं. ‘बराच’, ‘थोडा’, ‘खूप’ आलं की विचारायचं, “म्हणजे किती?” ‘नेहमी’, ‘कधी कधी’ आलं की विचारायचं, “शेवटचं कधी झालं, तो दिवस सांगा.” आणि उत्तर संपलं असं वाटलं की मनात तीन अंक मोजून गप्प बसायचं. पुष्कळदा खरी गोष्ट त्या शांततेनंतर येते.

दुसऱ्या वेळचं रेकॉर्डिंग असं झालं:

मी: काकू, दुकानात माल ठेवायचा व्यवहार कसा ठरला होता?
काकू: कमिशन द्यायचं, आणि न विकलेला माल परत घ्यायचा. पहिल्यांदा थोडं नुकसान झालं.
मी: थोडं म्हणजे किती?
काकू: (थांबून) सांगते. किलोमागे सामान, भाजणं-दळणं आणि पिशवी धरून १७२ रुपये खर्च. विक्रीची किंमत २४०, दुकानदाराला २० टक्के. माझ्या हाती १९२.
मी: म्हणजे किलोला वीस रुपये सुटले.
काकू: कागदावर सुटले! शंभर किलो दिली, दहा किलो परत आली. परत आलेली भाजणी जुनी झालेली, कोणाला देणार?
मी: (काही बोलत नाही)
काकू: नव्वद किलोचे १७,२८० आले, खर्च झाला होता १७,२००. राहिले ऐंशी. माझी मजुरी त्यात धरलेलीच नाही.
मी: तो हिशेब कुठे बसून केला?
काकू: ह्याच ओट्यावर. रात्री.

बघा, “थोडं” हा शब्द मी सोडला असता तर पुढचं काहीच आलं नसतं. पुढचा निर्णयही असाच उलगडला. काकूंनी कमिशन २५ टक्के केलं, पण माल परत घेणं बंद केलं. किलोमागे १८० आले, म्हणजे आठच रुपये सुटले, पण शंभर किलोला ८०० पक्के. दुकानदारही विकेल तेवढाच माल घ्यायला लागला. मजुरी निघण्यासाठी पुढे किंमत वाढवावी लागली, ते त्यांनी नंतरच्या प्रश्नात सांगितलं.

इथे माझ्याकडूनही एक चूक झाली. “वीस रुपये सुटले” हे मी सांगून टाकलं. ते काकूंच्या तोंडून यायला हवं होतं. तुमची चूक शोधायची असेल तर रेकॉर्डिंग परत ऐका आणि पाहुण्यांची किती उत्तरं ‘हो’ने सुरू होतात ते मोजा. जास्त असतील तर समजा, उत्तर तुम्हीच प्रश्नात भरवत होतात.

कटअवे: बोलणं झाल्यावर टिपायचे

बोलणाऱ्याचा चेहरा सोडून मध्येच दाखवलेलं दुसरं दृश्य म्हणजे कटअवे. त्याची कामं दोन. बोललेली वस्तू दाखवणं, आणि मधलं बोलणं कापल्यावर चित्र जे झटका खातं ते झाकणं.

मी आधी अंदाजाने चार दृश्यं लिहितो, पण खरी यादी गप्पांच्या वेळी पेनाने होते. काकूंनी ओट्याचं नाव घेतलं, मी लिहिलं ‘ओटा’. गप्पा संपल्यावर लगेच ते टिपून घेतलं: ओटा, हिशेबाची वही, कढईत भाजली जाणारी डाळ, पिशवी बंद करणारे हात. प्रत्येक दृश्य कॅमेरा न हलवता दहा सेकंद. मोबाईल हातात धरून फिरवत घेतलेलं दृश्य एडिटिंगला कामाला येत नाही. शेवटी सगळ्यांना गप्प बसवून खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. कापलेल्या जागी तो खाली घातला की आवाजातली भोकं कळत नाहीत.

कटअवे कुठे घालायचा नाही, हेही सांगतो. “राहिले ऐंशी” म्हणताना मी वही दाखवली नाही. तिथे काकूंचा चेहरा हवा. वही आधीच्या हिशेबावर दाखवली.

आणि कटअवेच्या आड वाक्याचा अर्थ बदलेल असं कापू नका. “मजुरी धरलेलीच नाही” हे वाक्य मी वेळ वाचवायला काढलं असतं, तर कोणीतरी ऐंशी रुपयांना नफा समजून तसाच धंदा मांडला असता.

व्हिडिओ टाकण्याआधी आकड्यांचा भाग काकूंना दाखवला. त्या म्हणाल्या, “असू दे. निदान दुसऱ्या कोणी तरी आधी हिशेब करेल.”

तुमच्या पुढच्या पाहुण्यांसाठी आजच तीन रकाने आखा. मधला रकाना भरल्याशिवाय कॅमेरा लावू नका. भेटू पुढच्या व्हिडिओत!