तारखेसकट माफी

भाड्याच्या फ्लॅटमधला गिझर बंद पडला की पहिला आठवडा ‘उद्या माणूस येतोय’ यात जातो, दुसरा खरेदीचं बिल शोधण्यात आणि तिसरा खर्च कोणाचा या वादात. तोवर डिसेंबर उजाडलेला असतो. उशीर झालेला घरमालक अशा वेळी बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर एका ओळीत दिलगिरी व्यक्त करतो. भाडेकरूला मात्र कोण येणार, कधी येणार आणि त्या दिवशी काम नाही झालं तर पुढे काय, हे हवं असतं. ते लिहायचं तर मालकाला आधी बिघाड समजावा लागतो, कारण दुरुस्तीच्या तारखा बिघाडावरून ठरतात.

पुण्यातलं एक नेहमीचं उदाहरण घेऊ. कोथरूडमधला दोन खोल्यांचा फ्लॅट, मालक नाशिकला, भाडेकरू नोकरदार जोडपं आणि त्यांचं लहान मूल. गिझर 25 लिटरचा, 2 किलोवॅटचा, आठ वर्षं जुना. सोसायटीत बोअरवेलचं आणि टँकरचं पाणी मिसळून येतं. 18 नोव्हेंबरला गिझर चालू करताच घरातली ईएलसीबी पडली. पुन्हा वर केली, पुन्हा पडली.

ही खूण बोलकी आहे. जड पाण्यातले क्षार एलिमेंटवर साचून पांढरट, खडबडीत थर धरतो. त्या थरामुळे उष्णता पाण्यात नीट जात नाही, एलिमेंट आतून जास्त तापतं आणि कधीतरी त्याच्या धातूच्या नळीला तडा जातो. पाणी आत शिरतं आणि वीज गळू लागते. घरगुती ईएलसीबी साधारण 30 मिलिअँपिअर गळतीला वीज तोडते. म्हणजे ती आपलं काम चोख करत असते. पण दोष गिझरमध्येच आहे, की सॉकेटमध्ये किंवा वायरिंगमध्ये, हे गिझरची जोडणी काढून तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून वेळापत्रकात पहिलं नाव इलेक्ट्रिशियनचं येतं.

दुसरा प्रश्न टाकीचा. एलिमेंट, थर्मोस्टॅट आणि गॅस्केट बदलता येतात. टाकीचं आतलं अस्तर गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमचा रॉड असतो. तो स्वतः झिजतो आणि टाकी वाचवतो. जड पाण्यात तो लवकर संपतो, आणि बदलायचं सहसा कोणाच्या ध्यानात नसतं. टाकीच गळू लागली असेल तर दुरुस्तीत पैसे घालण्यात अर्थ नाही, नवा गिझर घ्यावा. मात्र पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून पडणारे थेंब म्हणजे टाकीची गळती नव्हे. गरम होऊन फुगलेलं पाणी तिथून बाहेर पडतं.

एवढं समजून घेतल्यावर मालकांनी 10 डिसेंबरला लिहायचं पत्र साधारण असं होईल:

“स. न. वि. वि.

गिझर बंद असल्याचं तुम्ही मला 18 नोव्हेंबरला कळवलंत. मी ‘उद्या माणूस पाठवतो’ म्हणालो आणि पाठवला नाही. 29 तारखेला तुम्ही पुन्हा फोन केलात, तेव्हाही मी जुनं बिल शोधत बसलो. घरात लहान मूल असताना तीन आठवडे तुम्हाला गॅसवर पाणी तापवावं लागलं. चूक माझी आहे. मी तुमची माफी मागतो.

गुरुवार, 11 डिसेंबर, संध्याकाळी 7 : इलेक्ट्रिशियन येऊन सॉकेट, वायरिंग आणि अर्थिंग तपासेल. तुम्ही घरी असता तीच वेळ ठेवली आहे.

शनिवार, 13 डिसेंबर, सकाळी 10 ते 12 : मेकॅनिक गिझर उघडेल. टाकी चांगली असेल तर एलिमेंट, थर्मोस्टॅट, गॅस्केट आणि रॉड त्याच दिवशी बदलेल. हे भाग तो सोबत आणणार आहे.

टाकी खराब निघाली तर : मंगळवार, 16 डिसेंबरपर्यंत 25 लिटरचाच नवा गिझर बसेल. भिंतीत नवी भोकं पाडावी लागली तर सोसायटीच्या ठरलेल्या वेळेतच पाडू.

सगळा खर्च माझा. झालेल्या त्रासापोटी जानेवारीच्या भाड्यातून 2,000 रुपये कमी द्या. 16 तारखेपर्यंत गरम पाणी आलं नाही, तर 17 तारखेला तुमच्या पसंतीचा गिझर तुम्ही बसवून घ्या; बिल पाठवलंत की त्याच दिवशी पैसे पाठवतो.”

पत्रातलं शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. त्यामुळे मालकाची तारीख पुन्हा चुकली तरी भाडेकरूला पुन्हा फोन करत बसावं लागत नाही. 2,000 हा आकडा मात्र कुठल्या कायद्यातून आलेला नाही, तो दोघांनी मिळून ठरवायचा असतो.

कायदा काय देतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 14 नुसार घर राहण्याजोगं ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोटीस देऊन किमान 15 दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण वर्षभरात ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त होता कामा नये. अडचण अशी, की आज शहरांतली बहुतेक घरं लीव्ह अँड लायसन्सवर दिली जातात आणि तिथे राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असतो. त्यामुळे या कलमावर विसंबून परस्पर भाडं कापणं धोक्याचं ठरू शकतं. अशा घरात करारातली कलमं आणि मालकाने लेखी दिलेला शब्द हाच आधार.

करारात बहुधा ‘किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याची, मोठी मालकाची’ असं मोघम लिहिलेलं असतं आणि वाद तिथेच पेटतो. एलिमेंट बाहेर काढल्यावर त्याचा फोटो घ्यावा. त्यावर क्षारांचा जाड थर असेल तर ती वापरातली नेहमीची झीज आहे; तिचा भार राहणाऱ्यावर टाकणं रास्त नाही. थर जवळपास नाही आणि एलिमेंट काळवंडलेलं आहे, तर टाकीत पाणी नसताना गिझर चालू राहिला होता का, हे विचारायला हवं. तेव्हाही सोसायटीचं पाणी त्या दिवशी बंद होतं का, हे आधी पाहावं.

काम संपल्यावर दोन गोष्टी तपासल्याशिवाय मेकॅनिकला जाऊ देऊ नये. पहिली अर्थिंगची. ईएलसीबी वारंवार पडते म्हणून काही जण अर्थिंगची वायरच काढून ठेवतात किंवा ईएलसीबीला वळसा देतात. गिझर चालू होतो, पण त्याच्या धातूच्या भागांत आणि पाण्यात वीज उतरण्याचा धोका तसाच राहतो. वायर जोडलेली आहे हे डोळ्यांनी पाहावं आणि ईएलसीबीवरचं टेस्टचं बटण दाबून ती पडते का ते बघावं. दुसरी वेळेची. 25 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला 2 किलोवॅटच्या गिझरला साधारण 35 मिनिटं लागतात. यापेक्षा खूपच उशीर लागला किंवा पाणी कोमटच राहिलं, तर थर्मोस्टॅट चुकीच्या अंशांवर लावलेला आहे किंवा दुरुस्ती अर्धवट झाली आहे.

मधल्या दिवसांत मालकाने हीटिंग रॉड पाठवला तर तो प्लास्टिकच्या बादलीत, मुलाच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी लावावा आणि प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये.

नव्या भागांचं बिल, गिझरचा मॉडेल क्रमांक आणि बसवल्याची तारीख यांचा फोटो दोघांनीही जपून ठेवावा. पुढचा करार करताना घरातल्या वस्तूंच्या यादीत या तीन नोंदी घातल्या आणि ‘गिझर बिघडल्यास सात दिवसांत मालक दुरुस्त करेल’ अशी एक ओळ जोडली, तर पुढच्या हिवाळ्यात वादाला सुरुवात करायला फारसं काही उरत नाही.