फ्रिज कोनाड्यात बसेल का?

समजा, कोनाडा 66 सेंटीमीटर रुंद आहे आणि फ्रिज 60. फ्रिज आत जाईल, पण दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटीमीटरच उरतील. आजच्या अनेक फ्रिजची उष्णता बाजूच्या पत्र्यांतून बाहेर पडते. तिला बाजूंना आणि मागे साधारण पाच-पाच सेंटीमीटर मोकळी जागा हवी. ती कोंडली, की कॉम्प्रेसर थांबेनासा होतो आणि विजेचं बिल वाढतं.

दुसरी अडचण दाराची. बिजागरीच्या बाजूला भिंत पुढे आलेली असेल, तर दार काटकोनाशीच अडतं आणि भाजीचा ट्रे पूर्ण बाहेर येत नाही.

म्हणून कोनाड्याची रुंदी वर, मध्ये, खाली मोजा आणि सर्वांत कमी माप धरा. पुस्तिकेत सांगितलेलं अंतर आणि उघड्या दाराची रुंदी त्यात बसली, तरच पैसे भरा.