रक्त पडते, पण मूळव्याध नव्हे

शौचावाटे रक्त पडले की घरोघरी पहिला निष्कर्ष मूळव्याधीचा निघतो. मूळव्याधीत रक्त बहुधा शौचानंतर थेंब थेंब, वेगळे पडते. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मात्र ते पातळ शौचात आणि आवेत मिसळलेले असते आणि हा त्रास आठवडेच्या आठवडे चालतो.

हा आजार गुदाशयापासून सुरू होतो आणि मोठ्या आतड्यात सलग वर चढतो. दाह आतड्याच्या आतल्या अस्तरापुरता राहतो. त्याच कुळातला क्रोन्स आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मधली जागा सोडून होतो. तो आतड्याच्या पूर्ण जाडीत शिरतो, त्यामुळे आतडे अरुंद होणे किंवा भगंदर होणे हे प्रकार त्यात दिसतात. आपल्याकडे आणखी एक पेच आहे. आतड्याचा क्षयरोग हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो आणि क्षयाच्या रुग्णाला स्टिरॉइड दिले तर क्षय बळावतो. म्हणून दुर्बिणीच्या तपासणीत तुकडा काढून तपासणे टाळू नये.

आजार उसळतो तेव्हाचा दिवस कसा असतो? कल्याणहून मुंबईला नोकरीला जाणाऱ्या तिशीतल्या माणसाचे उदाहरण घेऊ. पहाटे चारला कळ येऊन जाग येते. सातपर्यंत चार वेळा शौचालय गाठावे लागते. दर वेळी पडते थोडेसेच, रक्त आणि आव, आणि उठल्यावरही पोट साफ झाल्यासारखे वाटत नाही. सुजलेला गुदाशय ताणला जात नाही, त्यामुळे जरासा मळ आला तरी ‘आत्ताच जा’ असा इशारा मिळतो. याला मनाचा भित्रेपणा म्हणणे चूक आहे. वायू सरतोय की आणखी काही, याचीही खात्री उरत नाही. लोकलमध्ये शौचालय नाही, म्हणून तो नाश्ता टाळतो, ठाण्याला उतरतो, पुढची गाडी धरतो. रक्त जाऊन जाऊन दुपारपर्यंत अंगातले त्राण संपते. बाहेरून मात्र तो ठणठणीत दिसतो!

आजार खालच्या भागापुरता असेल तर गुदद्वारातून द्यायची मेसालामाइनची औषधे गोळ्यांहून अधिक उपयोगी पडतात, कारण औषध थेट जागेवर पोहोचते. संकोचापायी रुग्ण नेमकी तीच टाळतात. दुसरी चूक म्हणजे बरे वाटताच औषध बंद करणे. उसळीमागे अनेकदा हेच कारण सापडते. अंगदुखीसाठी परस्पर घेतलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनीही त्रास उफाळू शकतो.

दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच आणि जोडीला ताप किंवा मिनिटाला नव्वदीपार नाडी असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा वेळी जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून घेऊ नये. तिने आतडे धोकादायकरीत्या फुगू शकते.