बरोबर, चूक आणि ‘दिलेले नाही’

महागाव, पुसद, उमरखेड या आपल्या भागातल्या पुष्कळ मुली नर्सिंग शिकतात. त्यातल्या काहींना पुढे परदेशात नोकरी करायची असते, आणि तिथे इंग्रजीची आयईएलटीएस ही परीक्षा आडवी येते. या परीक्षेतला एक प्रश्न मुलींना फार छळतो. एक उतारा दिलेला असतो, खाली काही विधाने असतात, आणि प्रत्येक विधानापुढे ट्रू, फॉल्स किंवा नॉट गिव्हन यांतले एक लिहायचे असते. म्हणजे बरोबर, चूक किंवा दिलेले नाही. पहिली दोन उत्तरे जमतात. तिसऱ्यापाशी गाडी अडते.

ती का अडते, हे समजायला परीक्षेचा हॉल सोडून जरा घरात येऊ या. मुलीसाठी स्थळ आले आहे आणि मुलाचा बायोडेटा तुमच्या हातात आहे. त्यात लिहिले आहे, ‘मुलगा निर्व्यसनी आहे.’ आता कोणी म्हणाले, ‘या बायोडेटाप्रमाणे मुलगा दारू पितो’, तर ते चूक. कारण कागद उलट सांगतो आहे. दुसऱ्या मुलाच्या बायोडेटात शिक्षण आहे, शेती आहे, मामाचे गाव आहे, पण व्यसनाबद्दल एक अक्षर नाही. त्याच्याबद्दल तेच वाक्य म्हटले तर? ते बरोबरही नाही आणि चूकही नाही. कागद गप्प आहे. ‘दिलेले नाही’ म्हणजे हेच. कागद विरोधात बोलला तर चूक. कागद बोललाच नाही तर दिलेले नाही.

इतके सोपे असून गोंधळ होतो, कारण शाळेपासून आपल्याला दोनच खाने माहीत असतात. ‘चूक की बरोबर ते लिहा’ या प्रश्नात, जे धड्यात सापडले नाही ते चूक, असे आपण सहज ठरवून टाकतो. तिथे ते चालूनही जाते. इथे मात्र ‘सापडले नाही’ याला स्वतःचा वेगळा खाना आहे.

दुसरे कारण आपल्या डोक्यातल्या माहितीचे आहे. ते उदाहरणानेच पाहू. हा छोटा उतारा सावकाश ऐका.

‘आनंदीबाई जोशी १८८३ साली बोटीने अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फिया येथील महिलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. मार्च १८८६ मध्ये त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली. त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागासाठी त्यांची नेमणूक झाली होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.’

आता चार विधाने घेऊ.

पहिले: आनंदीबाईंनी अमेरिकेला जाण्यासाठी समुद्रमार्गे प्रवास केला. हे बरोबर. ‘समुद्र’ हा शब्द उताऱ्यात नाही, पण ‘बोटीने अमेरिकेला गेल्या’ याचा अर्थ तोच होतो. शब्द सापडला नाही म्हणून घाईने ‘दिलेले नाही’ लिहायचे नसते. शब्द बदललेले असणारच, आपण अर्थ शोधायचा.

दुसरे: डॉक्टरची पदवी मिळवणाऱ्या आनंदीबाई या पहिल्या भारतीय स्त्री होत. ऐकताच तोंडातून ‘बरोबर’ निघते, कारण हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. एखादी वाचन असलेली मुलगी म्हणेल, त्याच वर्षी कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुलीही डॉक्टर झाल्या, म्हणून हे वाक्य तपासून घ्यायला हवे. पण दोघींनाही विचारायचे एकच: उताऱ्यात ‘पहिल्या’ असे कुठे म्हटले आहे? नाही. उत्तर, दिलेले नाही.

तिसरे: पदवीनंतर आनंदीबाई अमेरिकेतच स्थायिक झाल्या. हे चूक. उताऱ्यात ‘त्या स्थायिक झाल्या नाहीत’ असे वाक्य नाही, तरीही ‘त्याच वर्षी मायदेशी परतल्या’ हे वाक्य विधानाला थेट छेद देते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. चूक ठरायला उताऱ्यात ‘नाही’ हा शब्द असावा लागत नाही, विरोध असावा लागतो.

चौथे सगळ्यांत फसवे आहे: कोल्हापूरच्या रुग्णालयात आनंदीबाईंनी रुग्ण तपासले. इतिहास माहीत असलेली मुलगी लगेच ‘चूक’ लिहील, कारण आजारपणामुळे आनंदीबाईंना ते काम सुरूच करता आले नाही. न जाणणारी मुलगी म्हणेल, नेमणूक झाली म्हणजे रुग्ण तपासलेच असतील, आणि ‘बरोबर’ लिहील. दोघींचा गुण जाईल. उताऱ्यात नेमणूक आहे आणि पुढे निधन आहे. मधल्या दिवसांत काय झाले, याबद्दल उतारा गप्प आहे. पहिलीने ती रिकामी जागा माहितीने भरली, दुसरीने अंदाजाने. उत्तर, दिलेले नाही.

इथे आपली भाषाही थोडा घोळ घालते. ‘नॉट गिव्हन’चा अर्थ मुली मनात ‘माहीत नाही’ असा करतात. मग ज्या विधानाबद्दल त्यांना खात्री आहे, तिथे ‘माहीत नाही’ कसे लिहायचे, असे त्यांना वाटते. आणि उतारा अवघड गेला, अर्थ लागला नाही, की तिथे मात्र ‘नॉट गिव्हन’ लिहून मोकळ्या होतात. पण ‘माहीत नाही’ हे माझ्याबद्दलचे वाक्य आहे आणि ‘दिलेले नाही’ हे कागदाबद्दलचे.

मग ओळखायचे कसे? ‘चूक’ लिहिण्याआधी उताऱ्यातल्या नेमक्या वाक्यावर बोट ठेवा आणि विचारा, विधान खरे करायचे तर यातले कोणते शब्द बदलावे लागतील? ‘मायदेशी परतल्या’ हे शब्द बदलावे लागतात, म्हणून तिसरे विधान चूक. चौथ्यात एकही शब्द बदलावा लागत नाही, एक वाक्य नव्याने जोडावे लागते. बदलावे लागले तर चूक, जोडावे लागले तर दिलेले नाही. तुलनेच्या वाक्यांत ही खूण फार कामाला येते. ‘गावात कापूस आणि सोयाबीन दोन्ही होते’ असा उतारा असेल आणि विधान ‘कापूस सोयाबीनपेक्षा जास्त होतो’ असे असेल, तर तुलना आपल्याला जोडावी लागते.

आता शोधत किती वेळ बसायचे? वाचनाच्या पेपरात ६० मिनिटांत ४० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. जे उताऱ्यात नाहीच ते शोधण्यात पाच मिनिटे सहज जातात. या प्रकारात विधाने साधारण उताऱ्याच्या क्रमानेच येतात. तिसऱ्या विधानाचे उत्तर दुसऱ्या परिच्छेदात आणि पाचव्याचे चौथ्यात मिळाले, तर चौथ्याची जागा त्यांच्या मधेच असायला हवी. तेवढा भाग दोनदा वाचूनही काही बोलत नसेल, तर ‘दिलेले नाही’ लिहून पुढे जा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून जागा कोरी सोडायची नाही.

ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणीसाठी वाचनात ७ बँड लागतात. त्यासाठी ४० पैकी साधारण ३० उत्तरे बरोबर यावी लागतात. अशा प्रश्नांत तीन-चार गुण गेले, तर तेवढ्यासाठी पुन्हा फी भरून परीक्षा द्यावी लागते.

सरावासाठी वेगळे पुस्तक नसले तरी चालेल. वर्तमानपत्रातली एक लहान बातमी घ्या आणि तिच्यावर स्वतःच तीन विधाने तयार करा, तिन्ही उत्तरांची एकेक. तिसऱ्या प्रकारचे विधान बनवताना बातमीतलेच नाव, तेच गाव घ्या आणि बातमीने न सांगितलेली एक गोष्ट त्याला जोडा. मग ते मैत्रिणीला सोडवायला द्या. ती ‘चूक’ म्हणाली तर तिला एवढेच विचारा, ‘कुठल्या ओळीत? बोट ठेवून दाखव.’