मागावर ताठ, टेबलावर निसरडा

फ्रेंच भाषेत 'शिफॉन' म्हणजे चिंधी! जॉर्जेटला मात्र एका बाईंचं नाव मिळालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये कपडे शिवणाऱ्या जॉर्जेट द ला प्लांत यांचं. आणि आपल्याकडे शिफॉनच्या साडीची फॅशन आणण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं, त्या कूचबिहारच्या महाराणी इंदिरादेवी म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची लेक.

पण मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच आहे. कातरीसमोर आला की सापासारखा सरपटणारा हा कपडा मागावर असताना चांगला ताठ असतो.

रेशमाच्या धाग्यावर जन्मतःच एक डिंकासारखा थर असतो, त्याला सेरिसिन म्हणतात. कच्च्या रेशमाच्या वजनात जवळजवळ पाव हिस्सा त्याचाच. रेशमी शिफॉन आणि जॉर्जेट सहसा हा डिंक अंगावर असतानाच विणतात, आणि मग साबणाच्या गरम पाण्यात उकळून तो काढून टाकतात. डिंक गेला की धाग्यांमध्ये मोकळी जागा होते. शिवाय धाग्यांना जबर पीळ दिलेला असतो, काहींना उजवा, काहींना डावा. इतका वेळ डिंकाने धरून ठेवलेला तो पीळ आता उलगडायला बघतो. जॉर्जेटचा बारीक खरखरीतपणा त्यातूनच येतो आणि कापड हलत राहतं तेही त्यामुळेच. पॉलिएस्टरच्या जॉर्जेटला डिंक नसतो, पण तिथेही कॉस्टिक सोड्याने धाग्याचा वरचा थर थोडा झिजवून कापड सुळसुळीत करतात.

म्हणजे उपाय सरळ आहे. काढलेला डिंक शिवण होईपर्यंत उसना परत द्यायचा.

जेलीचं जिलेटिन, शिवणाच्या टेबलावर

सेरिसिन हे प्रथिन आणि जिलेटिनही प्रथिन. दोन्ही गरम पाण्यात विरघळतात. भाचीच्या कळीदार कुर्त्यासाठी अडीच मीटर रेशमी जॉर्जेट घेतलं, तेव्हा मी हेच केलं. साधं, बिनवासाचं जिलेटिन, साधारण 7 ग्रॅम, अर्धी वाटी गार पाण्यात दहा मिनिटं फुगत ठेवलं. मग ते दोन लिटर गरम पाण्यात ढवळून विरघळवलं. पाणी उकळत ठेवायचं नाही, उकळलं की जिलेटिनची पकड कमी होते. पाणी कोमट झाल्यावर कापड त्यात तासभर बुडवलं, मग पिळता न पिळता टॉवेलात गुंडाळून दाबलं आणि दांडीवर सरळ पसरून वाळवलं. टोकाला चिमटा लावून लटकवलं असतं, तर ते तिरकं ताणलेलंच वाळलं असतं.

वाळल्यावर हातात आलं ते जवळजवळ ऑर्गंझा. कडक आणि कागदासारखं. मऊ राहिलं तर जिलेटिन कमी पडलं असं समजावं, पांढरट पापुद्रे दिसले तर जास्त झालं. आधी तळहाताएवढ्या तुकड्यावर करून बघणं मी कधीच टाळत नाही, कारण रंग जातो का तेही त्यातच कळतं. जरी किंवा टिकल्यांचं काम असेल, किंवा कापड फक्त ड्रायक्लीनचंच असेल, तर हा उपाय करू नये.

घरात जिलेटिन चालत नसेल, तर साबुदाण्याची खळ उत्तम. ती पारदर्शक वाळते. तांदळाच्या पेजेचे मात्र गडद रंगावर डाग दिसतात. खळ पातळ करून, गाळूनच वापरावी.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. पाण्यात गेल्यावर रेशमी जॉर्जेट आटतं. माझं अडीच मीटरचं 2.35 मीटर झालं. बेतण्याआधीच आटलं, हे बरंच झालं.

बेतताना कागद खाली

ताठ झालं तरी कापड दुहेरी घडी घालून बेतू नये. पुढचा भाग अर्धा नाही, पूर्ण कागदावर काढावा आणि कापड एकेरी ठेवावं. टेबलावर आधी कोरा न्यूजप्रिंट किंवा ब्राऊन पेपर, त्यावर कापड. छापील वर्तमानपत्राची शाई फिक्या रंगाला लागते. एक आडवा धागा ओढून काढला की कापडात एक बारीक रेघ उमटते. ती कागदाच्या कडेला काटकोनात बसवायची. बारीक टाचण्या मार्जिनमध्येच टोचायच्या, आणि कापड व कागद एकत्रच कापायचं. कातरीचं खालचं पातं टेबलावरून उचलायचं नाही.

चुण्या पडल्या? टाके कापून बघा

हा चाचणीचा प्रकार मला फार आवडतो. उरलेल्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून वीतभर टीप मारायची. चुण्या पडल्या तर दर दोन बोटांवर फक्त दोरा कापायचा, कापड नाही.

कापताच कापड सपाट झालं, तर दोष ताणाचा. दोरा ताणलेला शिवला गेला आणि नंतर आखडला. वरचा ताण कमी करा, आणि बॉबिन भरताना मशीन हळू चालवा. पॉलिएस्टरचा दोरा वेगात गुंडाळला तर बॉबिनमध्येच ताणून बसतो, हे फार जणांच्या ध्यानात येत नाही.

दोन पट्ट्यांची टोकं शेवटी जुळतच नसतील, तर दोष दात्यांचा. ते खालचा थर पुढे ढकलतात आणि वरचा मागे राहतो. फूटचा दाब कमी करा, आणि खाली पातळ टिश्यू पेपर ठेवून टीप मारा. नंतर तो कागद टाक्यांना धरून, ओढ न देता फाडून काढा.

दोन्ही नसेल आणि तरी चुण्या असतील, तर सुई-दोरा जाड आहे. दोऱ्याला जागा देताना कापडाचे धागे सरकले आहेत. 9 नंबरची नवी सुई, बारीक दोरा आणि दोन मिलिमीटरच्या आसपासचा टाका, एवढ्यात बहुतेक वेळा काम होतं.

भाचीच्या कुर्त्यात दोष दात्यांचा निघाला. कळीची एक कड सरळ, दुसरी उरेब. उरेब कड वर ठेवून शिवली तर ती लांबत जाते. ती खाली ठेवली की दाते तिला हळूच सामावून घेतात. शिवण फ्रेंच केली. उलट्या बाजू एकमेकींना लावून कडेपासून 9 मिलिमीटरवर पहिली टीप, मार्जिन 3 मिलिमीटरपर्यंत कापायचं, कोरड्या इस्त्रीने दाबायचं, मग सुलट बाजू आत घेऊन 6 मिलिमीटरवर दुसरी. दीड सेंटिमीटरचं मार्जिन बरोबर पुरतं. इस्त्रीला वाफ नको, जिलेटिन चिकट होतं.

घेर शेवटी

कडक कापड लोंबत नाही. म्हणून घेराची कड जिलेटिन असताना कापली, तर पहिल्या धुण्यातच वर-खाली होते. मी कुर्ता कोमट पाण्यात दोनदा खळबळून जिलेटिन काढलं आणि वाळवून तो हँगरवर 24 तास टांगून ठेवला. उरेब भाग जवळजवळ तीन सेंटिमीटर खाली उतरले होते. भाचीला कुर्ता घालून उभं केलं, जमिनीपासून पट्टीने मोजून खुणा केल्या, जास्तीचं कापलं आणि पिकोसाठी कडेला तेवढी पुन्हा पातळ खळ लावली.